विसर्जनाच्या बादलीचं पावित्र्य येतं कुठून? (दुर्खीम आणि आपला गणपती)

अश्विनी_सहकारनगर

आमच्या घरी आता गणपती घरीच विरघळवतो. मूर्ती पीओपीची असते, त्यामुळे महापालिकेकडून मिळणारी अमोनियम बायकार्बोनेटची पावडर पाण्यात घालून त्यात मूर्ती ठेवायची, अधूनमधून ढवळायचं, साधारण दोन दिवसांत काम होतं. पद्धत आपल्या पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतली, म्हणजे एनसीएलमधली आहे. वास उग्र येतो, म्हणून बादली गॅलरीत ठेवतो.

यंदा गुरुजींनी उत्तरपूजा केली, अक्षता वाहिल्या, 'पुनरागमनाय च' म्हणून मूर्ती जागेवरून किंचित हलवली आणि सांगितलं, "झालं, देव गेले, आता ही माती." एवढं स्पष्ट सांगूनही सासूबाईंनी त्या 'माती'साठी कोरी बादली आणायला लावली. न्हाणीघरातली चालणार नाही. बादलीला कुणाचा पाय लागता कामा नये. विरघळलेलं पाणी आंब्याच्या बुंध्याशी ओतलं, तेही जिथून कुणी चालत नाही त्या बाजूला.

मुलगी एस.वाय.ला समाजशास्त्र शिकते. ती म्हणाली, "आजी, दुर्खीम नावाचा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ म्हणतो की देव म्हणजे आपला समूहच असतो. आपण पूजा करतो ती आपल्याच एकत्रपणाची." सासूबाईंना ते लागलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे मी पन्नास वर्षं शेजाऱ्यापाजाऱ्यांची पूजा करत होते का?"

मला दोघींचंही पटतंय आणि कुणालाच नीट उत्तर देता येत नाहीये. हा माणूस देव नाही असं म्हणतो का? आणि गुरुजींच्या मते देव गेलेले असताना कोरी बादली कशासाठी?

मंडईचा_मी

कोरी आणलीत ते उत्तम केलंत. आम्ही घरातलीच वापरली होती. मग आईने ती बादली धुण्याला घेऊच दिली नाही. आता त्या बादलीत तुळस आहे आणि तिला रोज हळदकुंकू मिळतं. बादलीचं सोनं झालं!

निषाद

मुलीचं बरोबर आहे. धर्म ही अफूची गोळी आहे हेच दुर्खीमने शास्त्रीय भाषेत सांगितलं. आदिमानव विजेला घाबरला, पुराला घाबरला, त्यातून देव आले. पुढे त्या भीतीला समूहाने रूप दिलं.

वसुधा_म

निषाद, तुम्ही तीन वेगळ्या माणसांची मतं एकत्र केलीत. अफूचं वाक्य मार्क्सचं. विजेच्या भीतीतून देव आले ही एकोणिसाव्या शतकातल्या दुसऱ्याच पंडितांची मांडणी, आणि ती खोडून काढायलाच दुर्खीमने आपल्या ग्रंथाची सुरुवातीची प्रकरणं खर्च केली. त्याचा मुद्दा असा, की धर्म नुसता भ्रम असता तर हजारो वर्षं टिकला नसता. एवढी माणसं ज्याच्यासमोर नमतात, ज्याच्यामुळे त्यांना बळ मिळाल्यासारखं वाटतं, ते काहीतरी खरं असलंच पाहिजे. ते खरं काय, एवढाच त्याचा प्रश्न.

मी हा विषय कॉलेजात शिकवायचे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. १९१२ च्या त्या ग्रंथात त्याने मध्य ऑस्ट्रेलियातल्या अरुंटा लोकांचं उदाहरण घेतलं. तो स्वतः तिथे कधी गेला नाही, स्पेन्सर आणि गिलन या दोघांनी केलेल्या नोंदींवर त्याने काम केलं. या लोकांकडे चुरिंगा नावाच्या वस्तू असत. लाकडाचा किंवा दगडाचा गुळगुळीत लांबट तुकडा, त्यावर कुळाचं चिन्ह कोरलेलं. तो एका गुप्त जागी ठेवलेला. बायकांनी आणि दीक्षा न झालेल्या मुलांनी तो पाहायचाही नाही. ती जागासुद्धा इतकी पवित्र, की तिच्या आसपास शिकार करायची नाही, भांडायचं नाही.

आता दुर्खीम विचारतो, या लाकडात आणि रानातल्या दुसऱ्या लाकडात फरक काय? फक्त ते चिन्ह. आणि चिन्ह कुणाचं? कुळाचं. म्हणून तो म्हणतो की पवित्रपणा वस्तूच्या अंगचा नसतो, तो तिच्यावर येऊन बसतो. एखादी गोष्ट पवित्र आहे हे ओळखायचं कसं, तर तिच्याभोवती 'हे करायचं नाही'चं कुंपण असतं. अश्विनी, तुमच्या बादलीला पाय लावायचा नाही, हे तसंच कुंपण आहे.

आणि तो पवित्रपणा लागट असतो असंही त्याने लिहिलंय. पवित्र वस्तूला जे टेकलं, तेही पवित्र. मंडईवाल्यांच्या आईंना ते पुस्तक न वाचता ठाऊक होतं.

ढोलप्रेमी_नको

पीओपीवर सरसकट बंदी हाच उपाय आहे. शाडूची घ्या, विषय संपला. आणि ते स्पीकर आधी बंद करा. लक्ष्मी रोडला राहणाऱ्यांचे हाल कुणी विचारत नाही.

अश्विनी_सहकारनगर

@ढोलप्रेमी_नको, त्यासाठी वेगळा धागा काढा ना, मी नक्की येईन. इथे प्रश्न वेगळा आहे. शाडूची असती तरी बादली कोरीच आणावी लागली असती.

वसुधाताई, खूप छान सांगितलंत. पण मग उत्तरपूजेनंतर कुंपण जायला हवं होतं. ते गेलं का नाही?

घाटावरचा

याचं उत्तर माझ्याकडे पुस्तकातलं नाही, हौदाच्या काठावरचं आहे. मी दरवर्षी नदीकाठच्या हौदापाशी स्वयंसेवक असतो. लोक घरून उत्तरपूजा करून येतात, म्हणजे शास्त्राप्रमाणे मोकळी मूर्ती घेऊन येतात. तरी काठावर परत आरती होते, परत प्रसाद वाटतात, मूर्तीच्या कानात काहीतरी सांगतात. आमच्या हातात देताना म्हणतात, "सांभाळून हं, सोडू नका, टेकवा." मी टेकवतो. तीन वेळा पाण्यात बुडवून वर काढतो आणि मग सोडतो.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी सकाळी. न विरघळलेल्या मूर्ती हौदातून काढून टेम्पोत भरायच्या असतात. नव्या पोरांना काही सांगावं लागत नाही. कुणी मूर्तीवर पाय देऊन उभा राहत नाही, चेहरा खाली करून ठेवत नाही. टेम्पोत आधी ताडपत्री अंथरतात. आणि शेजारी निर्माल्याचा कलश असतो. त्यात कुजलेली फुलं, दुर्वा, केळीची पानं. घरी हीच फुलं ओल्या कचऱ्यात जातील, पण देवावरून उतरली की कचऱ्याच्या गाडीत टाकताना माणसाचा हात अडतो. फुलं तीच, घाण वास तोच.

मला वाटतं, गुरुजी एका मंत्रात जे काढून घेतात ते लोक एका मंत्रात सोडत नाहीत. हळूहळू सोडतात.

कसब्यातला_कार्यकर्ता

घाटावरच्या दादांना दंडवत. यात मंडळाची बाजू घालतो, कारण बाहेरगावच्या लोकांना ही माहिती नसते.

पुण्यातल्या बऱ्याच जुन्या मंडळांच्या मोठ्या मूर्तीचं विसर्जन होतच नाही. ती कायमची असते. तिच्यापुढे छोटी पूजेची मूर्ती बसवतात. प्राणप्रतिष्ठा तिची, उत्तरपूजा तिची, विसर्जनही तिचंच. मोठी मूर्ती मिरवणुकीत रथावर असते आणि दुसऱ्या दिवशी परत आपल्या जागी येते, वर्षभर काचेआड किंवा छोट्या मंदिरात बसते.

आता मिरवणूक बेलबाग चौकात आली की लोक कुणाला हात जोडतात? मोठीला. छोटी मूर्ती कुठे आहे हे निम्म्या गर्दीला दिसतही नाही. पोरं ज्या मूर्तीच्या नावाने जयजयकार करतात, जिचा फोटो मोबाईलवर असतो, जिच्यासाठी दुसऱ्या मंडळाशी वाद घालतात, ती मोठी. आमच्या आळीतला पोरगा परदेशात गेला तर पाकिटात आमच्याच मंडळाच्या मूर्तीचा फोटो नेतो. गणपती तर सगळीकडे एकच आहे ना?

वसुधा_म

कार्यकर्ते, तुम्ही दुर्खीमच्या सगळ्यात महत्त्वाच्या निरीक्षणाला हात घातलात. ऑस्ट्रेलियातल्या कुळांचं चिन्ह म्हणजे एखादा प्राणी किंवा वनस्पती. त्याच्या लक्षात आलं, की त्या प्राण्यापेक्षा त्याचं कोरलेलं चित्र जास्त पवित्र मानलं जातं. प्राणी कुणीही पाहू शकतो, चित्र नाही. मग पूजा प्राण्याची असेल कशी? पूजा आहे ती चिन्हाची, आणि चिन्ह कुळाचं.

समूह ही डोळ्यांना दिसणारी गोष्ट नाही. हजार माणसं एकत्र आली की अंगात जे संचारतं ते कुठून आलं हे माणसाला सांगता येत नाही. समोर जे चिन्ह असतं त्याला ते चिकटतं. सैनिक झेंड्यासाठी प्राण देतो तेव्हा तो कापडासाठी देत नाही, पण त्या क्षणी त्याला कापडच दिसतं, हे उदाहरण त्याचंच आहे.

सासूबाईंना मात्र मी असं सांगेन: शेजाऱ्यापाजाऱ्यांची पूजा असं तो म्हणत नाही. शेजारी आज आहेत, उद्या नाहीत. आपल्याआधी होतं, आपल्यानंतर राहील, ज्याने आपल्याला भाषा दिली, चांगलंवाईट शिकवलं आणि जे आपल्याला आतून टोचतं, ते त्या शेजाऱ्यांपेक्षा फार मोठं आहे. देव आहे की नाही यावर तो आस्तिकांच्या बाजूने बोलत नाही, हे खरं. पण भक्ताला जाणवतं ते बळ खरं आहे, एवढं तो ठामपणे म्हणतो.

जुना_वारकरी

मला हे सगळं वाचून बरं वाटलं नाही, ते मोकळेपणाने लिहितो.

तुमचा हा विद्वान म्हणतो की गर्दीतून देव येतो. मग २०२० साली काय झालं? वारी निघाली नाही. आषाढीच्या आदल्या दिवशी माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. बरोबर मोजकी माणसं. इकडे आम्ही घरात. त्या दिवसांत मी रोज पहाटे उठून हरिपाठ म्हटला, ज्या दिवशी पालखी जिथे असती त्या गावाची आठवण काढली. दिवे घाटाच्या दिवशी गच्चीत उभा राहिलो आणि रडलो. टाळ नाही, मृदंग नाही, गर्दी नाही. विठ्ठल तेव्हाही होता. त्याला समूहाची गरज पडली नाही.

निखिल_धनकवडी

काका, मन भरून आलं. पण तुम्ही रोज तारखेप्रमाणे मुक्काम आठवत होतात. ते वेळापत्रक तर दिंडीचंच ना?

वसुधा_म

वारकरीकाका, निखिलचा मुद्दा दुर्खीमच्या बाजूचा आहे, पण तुमचा आक्षेप त्याने संपत नाही. दुर्खीम म्हणतो की समूह पांगला की भावना ओसरते, म्हणून ठरावीक काळाने पुन्हा जमावं लागतं. ऑस्ट्रेलियातली माणसं वर्षाचा बराच काळ लहान टोळ्यांनी अन्नाच्या शोधात विखुरलेली असत आणि मग विधींसाठी एकत्र येत, यावर त्याची सगळी उभारणी आहे. पण किती काळ न जमल्यावर ओसरते, हे तो कुठेच सांगत नाही. एका वर्षात ओसरली नाही तर म्हणता येतं की आठवणीवर तगली. ओसरली असती तर म्हणता आलं असतं, बघा, मी सांगत होतो. दोन्हीकडून तोच जिंकतो. काहीही घडलं तरी जो सिद्धान्त खरा ठरतो, त्याच्यावर विद्यार्थ्यांनी संशय घ्यावा, असं मी वर्गात सांगायचे.

गुडलक_चौक

अवांतर नाही, प्रश्नच आहे. २९ जून २०२४ ला आपण टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकलो तेव्हा मी एफसी रोडला होतो. अनोळखी माणसांना मिठ्या मारल्या. अंगात संचारणं म्हणतात ते तेच असेल. मग दुसऱ्या दिवशी तिथे काहीच पवित्र का उरलं नाही? चौकात चप्पल काढून कुणी गेलं नाही.

कसब्यातला_कार्यकर्ता

कारण पुढच्या वर्षी त्याच तारखेला, त्याच जागी, त्याच माणसांनी वर्गणी काढून यायचं ठरलेलं नाही. आमचं काम मिरवणुकीत कमी आणि बाकीच्या दिवसांत जास्त असतं. मांडव परवाना, वर्गणी, रथाची दुरुस्ती, रात्रीचा पहारा. नुसत्या जल्लोषाने मंडळ उभं राहत नाही.

राहुल_पर्वती_पायथा

आतापर्यंत सगळे 'समूह' म्हणताहेत. मला विचारायचंय, कोणता समूह?

मी ज्या टेकडीच्या पायथ्याशी राहतो तिथलं उदाहरण देतो. १९२९ साली पर्वतीच्या देवळात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह झाला. शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज यांच्यासारखी मंडळी त्यात पुढे होती, एस. एम. जोशींसारखे तरुणही होते. सत्याग्रहींवर दगडफेक झाली. ते काय मागत होते? देवाचं दर्शन. पायऱ्या चढून वर जाणं. पंढरपूरचं मंदिर खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषणाला बसावं लागलं. म्हणजे स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आलेलं असताना.

वसुधाताई म्हणाल्या की पवित्र वस्तूभोवती 'हे करायचं नाही'चं कुंपण असतं. बरोबर. पण आपल्याकडे ते कुंपण सगळ्यांना सारखं नव्हतं. 'हे करायचं नाही' पेक्षा 'तू करायचं नाही' असं होतं. माझ्या पणजोबांचा पर्वतीच्या देवावर विश्वास कमी नव्हता. तो देव जर समूहाच्या एकत्रपणाचं रूप असेल, तर माझे पणजोबा त्या समूहात होते की नव्हते? होते म्हणावं तर त्यांना पायऱ्यांवर का अडवलं? नव्हते म्हणावं तर त्यांच्या मनात भक्ती कुठून आली?

मला वाटतं, पावित्र्य एकत्र बांधतं हे अर्धं खरं आहे. कुणाला बाहेर ठेवायचं हेही तेच ठरवतं, आणि बाहेर ठेवल्यामुळेच आतल्यांना 'आपण' वाटतं.

शुभदा_डेक्कन

राहुल, या प्रश्नावर पुण्यातल्याच एका बाईंनी पायी चालून विचार केलाय. इरावती कर्वे, डेक्कन कॉलेजच्या. त्या वारीत दिंडीबरोबर चालल्या आणि त्यावर लिहिलं. त्याचं इंग्रजी रूप १९६२ मध्ये प्रसिद्ध झालं. 'ज्या प्रदेशातले लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र' ही व्याख्या त्यांना त्या वाटेवर सापडली. दुर्खीमला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

पण त्याच लेखात त्यांनी हेही लिहिलंय, की त्यांच्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठा मंडळी वेगवेगळी जेवत. दिवसभर एका सुरात अभंग, आणि चूल पेटली की पंगती वेगळ्या. ते त्यांना फार सललं. त्या स्वतः मराठा बायकांमध्ये जाऊन जेवल्या, आणि त्यानंतर त्या बायका जास्त मोकळेपणाने वागल्या असं त्यांना जाणवलं. मला यात दिसतं ते असं, की एकाच माणसांचे चालताना आणि जेवताना दोन वेगळे समूह होते. अभंगाने बांधलेला एक, चुलीने बांधलेला दुसरा.

जुना_वारकरी

शुभदाताईंनी लिहिलंय ते मी लहानपणी पाहिलंय. आमच्या दिंडीत आता एकच पंगत असते. पण सगळ्याच दिंड्यांत तसं आहे असं मी म्हणणार नाही. राहुल, तुमच्या पणजोबांच्या मनात भक्ती कुठून आली याचं उत्तर माझ्याकडे आहे. चोखोबांच्या मनात आली तिथूनच. तेही पायरीशीच राहिले. म्हणूनच मला देव समूहातून आला हे पटत नाही. समूहाने चोखोबांना बाहेर ठेवलं, विठ्ठलाने नाही.

राहुल_पर्वती_पायथा

काका, चोखोबांचं नाव तुम्ही प्रेमाने घेतलंत ते कळतं. पण पायरीशी राहिलेल्या माणसाला संत म्हणणं आणि त्याच्या नातवंडांना पायरी चढू देणं यांत कितीतरी शतकं गेली, हे मी विसरू शकत नाही. यावर आपलं एकमत होणार नाही.

वसुधा_म

राहुलचा प्रश्न दुर्खीमच्या स्वतःच्या सामग्रीतही दडलेला आहे. चुरिंगा पाहायला बायकांना बंदी होती. त्या बायकाही कुळाच्याच होत्या, त्यांनाही कुळचिन्ह होतं. त्याने ही बंदी नोंदवली, पण ती वस्तूच्या पवित्रपणाचा पुरावा म्हणून. निम्म्या माणसांना जे बघायलाच मिळत नाही ते सगळ्यांच्या एकीचं चिन्ह कसं, हे त्याने हवं तेवढं खोदून पाहिलं नाही. तो धर्माची व्याख्या करताना 'एका नैतिक समुदायात जोडणारी गोष्ट' असं म्हणतो. त्या समुदायात उतरंड असेल तर काय, याला त्याच्याकडे तयार उत्तर नाही.

दुसरा आक्षेप इव्हान्स-प्रिचर्ड या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाचा. आफ्रिकेतल्या आझांदे लोकांच्या अंगणात पूर्वजांचं ठाणं असतं. विधीच्या वेळी त्यावर नैवेद्य ठेवतात, एरवी त्याला भाले टेकवून ठेवतात. म्हणजे पवित्र आणि रोजचं यांत जी अभेद्य भिंत दुर्खीमला दिसली ती सगळीकडे नसते. तीच वस्तू वेळेनुसार इकडेतिकडे जाते.

निषाद

आमच्या आजोळी देवघराच्या फळीवर रॉकेलची चिमणी, काडेपेटी आणि वीजबिलं असायची. आझांदे आमचे नातेवाईक निघाले.

अश्विनी_सहकारनगर

सगळ्यांचे आभार. सासूबाईंना अर्धा धागा वाचून दाखवला. घाटावरच्या दादांचं 'हळूहळू सोडतात' त्यांना पूर्ण पटलं. पण त्यांनी एक प्रश्न विचारलाय तो तसाच मांडते: "बादली ढवळताना गॅलरीत मी एकटी होते. मंडळ नाही, गर्दी नाही, कुणी बघतही नव्हतं. मग मी जपत होते ते कुणासाठी?"

वसुधा_म

दुर्खीम म्हणेल की ज्या समूहाने हे शिकवलं तो त्यांच्या आत वसलेला आहे, म्हणून बघणाऱ्याची गरज नाही. एकट्याने केलेली पूजा त्याच्या लेखी सामूहिक पूजेचीच सावली. सासूबाईंना हे उत्तर पुरेल असं मला वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही ते पुरं वाटत नाही. माणूस एकटा असताना देवाशी जे बोलतो, त्या जागी हा सिद्धान्त सगळ्यात दुबळा आहे. गर्दीबद्दल त्याच्याइतकं नेमकं फार थोड्यांनी सांगितलंय.

राहुल_पर्वती_पायथा

कार्यकर्ते, एक विचारू का? मोठी मूर्ती रथावर चढवताना हात कोण लावतं? मला खरंच जाणून घ्यायचंय.

कसब्यातला_कार्यकर्ता

विचारा की, त्यात काय. जातीचा प्रश्न असेल तर आमच्या आळीत कुंभार, साळी, मातंग, ब्राह्मण सगळे आहेत आणि सगळे खांदा देतात. ते माझ्या वडिलांच्या काळापासून.

पण तुमचा प्रश्न वाचून मी चढवतानाचा व्हिडिओ परत बघितला. ढोलपथकात मुली निम्म्याच्या वर, आरतीला बायका पुढे, हिशेब दोन वर्षं एक ताई बघतात. मूर्तीला हात लावणारे सगळे पुरुष. असा नियम कुठे लिहिलेला नाही, कुणी कुणाला अडवल्याचंही आठवत नाही, तरी एकही बाई कधी पुढे आलेली नाही. वसुधाताईंनी चुरिंगाचं लिहिलं तेव्हा हे माझ्या डोक्यात नव्हतं. पुढच्या बैठकीत विषय काढतो. काय होतं ते इथे लिहीन.